पहिल्या मोतीबिंदूनंतर आजोबांचे दोन डोळे दोन गोष्टी सांगतात

मेडशीचे एक आजोबा, वय चौऱ्याहत्तर. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. नातू त्यांना माझ्याकडे घेऊन आला, कारण घरात सगळ्यांचे मत पडले होते की ऑपरेशन बिघडले. आजोबांच्या तक्रारी तीन. पहिली: "डॉक्टरसाहेब, वावरातला माणूस ओयखू येते, पण पेपर वाचता येत नाई." दुसरी सुनेविरुद्ध होती: "धोतराले एवढी नीय काहून टाकते?" तिसरी नातवाने सांगितली. आजोबा चहा बशीत ओतताना बशीच्या बाहेर ओततात आणि उंबरठ्यावर अडखळतात.

वाचकहो, या तिन्ही गोष्टींचा अर्थ ऑपरेशन चांगले झाले असाच होता. कसे ते सांगतो.

आधी धोतर. आपल्या डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे, पुढे तपकिरी होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. हा बदल इतका हळू होतो की आपल्याला कळतच नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून पारदर्शक कृत्रिम भिंग बसवतात, आणि वर्षानुवर्षे अडलेला निळा रंग एकदम आत येतो. मी आजोबांना एकेक डोळा झाकून माझ्या टेबलावरचा कोरा कागद पाहायला लावला. उजव्याने तो पांढरा, निळसर झाक असलेला दिसला, डाव्याने चहा सांडल्यासारखा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे सूनबाईची चूक नाई." ही निळी झाक काही आठवड्यांत जाणवेनाशी होते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू असेपर्यंत दोन डोळ्यांतला फरक मात्र राहतो.

आता पेपर. आजोबांना साठीनंतर जवळचा चष्मा लागायचा, पण गेली दोन-तीन वर्षे ते चष्म्याशिवाय वाचत होते. गावात याला 'नजर परत आली' म्हणतात. खरे तर भिंगाचा मधला भाग कडक आणि दाट होत गेला की डोळ्याला उणे नंबर लागतो. आजोबांच्या डाव्या डोळ्याचा नंबर उणे तीन होता. म्हणजे त्या डोळ्याला साधारण फूटभर अंतरावरचे सगळ्यात स्पष्ट दिसते, पेपर धरतो तेवढ्याच अंतरावरचे. ती मोतीबिंदूचीच खूण होती. उजव्या डोळ्यात बसवलेले भिंग एकाच अंतराचे, आणि ते दूरसाठी निवडले होते. त्यामुळे वावर दिसते, पेपर नाही. जवळचा चष्मा लागणारच. नातू म्हणाला, "आबा उजव्या डोळ्यावर हात ठेवून वाचतात." घाबरायला झाले होते ते यामुळेच, पण त्यात बिघाड काहीच नव्हता.

तिसरी तक्रार मात्र मी सगळ्यात गांभीर्याने घेतली. एक डोळा दूरचा, दुसरा जवळचा आणि धूसर, असे असले की मेंदूला दोन चित्रे नीट जुळवता येत नाहीत आणि अंतराचा अंदाज चुकतो. मग पडणे, आणि या वयात खुब्याचे हाड. चष्म्याने हा फरक पूर्ण भरून काढायला गेलो तर दोन काचांमुळे चित्रांचा आकार वेगळा होऊन चक्कर येते. म्हणून उंबरठ्याला पांढऱ्या रंगाची पट्टी मारा, रात्री मोरीपर्यंत दिवा ठेवा आणि चहा कुणीतरी ओतून द्या, असे मी सांगितले.

कायमचा चष्मा लगेच करू नका. टाक्याशिवायचे ऑपरेशन असले तरी जखम बसता बसता नंबर बदलतो, म्हणून साधारण सहा आठवडे थांबावे लागते. थेंब बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. स्टेरॉइडचे थेंब टप्प्याटप्प्याने कमी करतात, एकदम बंद केले तर आतली सूज परत येते.

नुसते न दिसणे आणि बिघडणे यात फरक कसा ओळखायचा? काल दिसत होते ते आज कमी दिसू लागले, डोळा दुखू लागला, लाली वाढली, तर जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात जा. डोळ्यात विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे झाले, तरी तसेच. आजोबांना यातले काहीच नव्हते.

आता उरला डावा डोळा. त्याचे ऑपरेशन झाले की रंग जुळतील, चहा बशीत पडेल, पण त्या डोळ्याने वाचायची सोयही जाईल. डाव्यात थोडा उणे नंबर राहील असे भिंगही बसवता येते, फक्त ते ऑपरेशनच्या आधी ठरवावे लागते आणि दोन डोळ्यांतला फरक थोडा उरतो. हे त्यांना नेत्रतज्ज्ञांशी बोलायला सांगितले. आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "दोन्ही दूरचेच करा. पेपराले चष्मा घालीन, पण वावरात पडाचं नाई." सोयाबीन काढल्यावरची तारीख त्यांनी घेतली आहे.