आजीच्या कॉटखालची तूरडाळ

पोस्ट लांबली आहे, पण वाचा. विषय घरचा आहे, तरी शेवटी महापालिकेपर्यंत जातो.

एप्रिलमध्ये आईला आजीच्या कॉटखाली तूरडाळीचे एक-एक किलोचे दोन पुडे सापडले. न फोडलेले, जुन्या कापडी पिशवीत गुंडाळलेले. आजी शहात्तर वर्षांची. आईचा चेहरा उतरला. रात्री बाबांना हळूच म्हणाली, "आई वस्तू लपवायला लागल्यात. डॉक्टरांना दाखवायला हवं." मीही घाबरले, कारण गेलं वर्ष तसं वाईटच गेलं होतं. कमोडवरून उठताना आजीला कुणीतरी हात द्यायला लागायचा. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून ती संध्याकाळी पाचनंतर पाणीच प्यायची नाही. त्यातून दोनदा लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा आम्हाला कळलं. दिवसभरासाठी बाई ठेवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

शेवटी बाबांनी विचारलं. आजी शांतपणे म्हणाली, "अरे, ती डाळ खायची नाहीये. उचलायची आहे."

फेब्रुवारीपासून ती भजनी मंडळाच्या नावाखाली पुण्यातल्या आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात ताकदीच्या व्यायामाला जात होती. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते पाच. शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट. "सांगितलं असतं तर तुम्ही पाठवलं असतंत का?" या प्रश्नावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेले. मला वाटलं होतं, टाळ्या वाजवणं, मान फिरवणं, असलं काहीतरी असेल. पण नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकीची एक चाचणी घेतात: हात छातीवर, खुर्चीतून पूर्ण उभं राहायचं, परत बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. आजीच्या वयाच्या बाईला दहाच्या आत जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. हात टेकावा लागला तर शून्य. आजीचं शून्य होतं.

मग तिच्या खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. बैठक उंच झाली की उठायला कमी जोर लागतो. आठ-दहा वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढीच. उठताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही, कारण त्याने बीपी चढतं. तीन-चार आठवड्यांनी एक उशी गेली, मग दुसरी. त्यानंतर छातीशी एक किलो डाळ, मग दोन. खूण एवढीच की शेवटच्या दोन उठबशी जड गेल्या पाहिजेत, पण तोल जाता कामा नये. बाराही आरामात झाल्या तर वजन वाढवायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर चालेल, गुडघ्यात कळ आली तर थांबायचं. मे महिन्यात आजी तीन आठवडे आत्याकडे राहून आली आणि हट्टाने पुन्हा दोन किलो घेऊन बसली. गुडघा सुजला. परत एका उशीपासून सुरुवात!

खाण्यावरही बोलणं झालं. रात्री दूधभाकरीवर भागवणारी आजी आता वाटीभर घट्ट वरण आणि दही घेते. अंड्याला मात्र ठाम नकार.

गणपतीत आरतीनंतर सगळे खाली बसलो होतो. उठायची वेळ आली तशी बाबांनी सवयीने हात पुढे केला. आजी एका कुशीला वळली, गुडघ्यांवर आली, एक पाऊल पुढे रोवलं, त्या गुडघ्यावर हात दाबून उभी राहिली. बाबांचा हात तसाच हवेत. "हात नको रे, ते नैवेद्याचं ताट धर." आई देवघराकडे तोंड करून डोळे पुसत होती. आता चाचणीत आजीचे नऊ होतात. दहाला एक कमी, हे ती स्वतःच सांगते. पाणी मात्र रात्री झोपेपर्यंत पिते.

आता महापालिकेचं. आमच्या बागेत ओपन जिम आहे, वर मोठी पाटी. त्या यंत्रांवर वजन कमी-जास्त करता येत नाही. आजीसारखीला काही फार जड, काही इतकी हलकी की नुसता झोका. संध्याकाळी त्यांवर लोक गप्पा मारत बसतात. वर्गाला लागतं काय? भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या बारा खुर्च्या आणि एक शिकलेलं माणूस. केंद्रात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, उठताना मागे सरकतात. पाठीमागे भिंत हवी म्हणून एका वेळी सहाच जणी व्यायाम करतात, बाकीच्या बसून राहतात. त्यात लग्नसराईत हॉल भाड्याने गेला की वर्ग रद्द.

खुर्च्यांसाठी आणि त्या दोन तासांसाठी अर्ज द्यायला सोमवारी सात आज्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. साहेब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शिपाई म्हणाला, "तुम्ही खालीच बसा, अर्ज मी वर देतो."

आजीने अर्ज पिशवीत टाकला, कठडा धरला आणि जिना चढायला लागली.