पत्राची शेवटची ओळ

परवा एका माजी विद्यार्थिनीचा ई-मेल आला; अखेरीस ‘काइंड रिगार्ड्‌स’. वर्गात मी त्याचा मराठी पर्याय ‘कळावे, लोभ असावा’ असा सांगत आलो. इंग्रजी लिहिणारा स्नेह पाठवतो, मराठी लिहिणारा तो मागतो, एवढाच भेद. ‘युअर्स फेथफुली’ म्हणजे ‘आपला विश्वासू’. इंग्रजीत ते ‘डिअर सर’ या निनावी संबोधनापुरते, नावाने संबोधल्यास ‘युअर्स सिन्सिअरली’. मराठी अर्जात दोन्हींकडे ‘आपला विश्वासू’ चालते.

माझे वडील मात्र अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहीत. विद्यार्थ्यांच्या अर्जातला तो शब्द मी खोडतो. आज्ञा वरून खाली येते. विश्वास दोन्ही बाजूंनी असतो.

तिला उत्तर लिहिले, शेवटी: ‘कळावे, लोभ असावा. जयभीम.’