आजोबांची वही आणि माझे रजिस्टर

आमच्या नांदेडच्या घरी लक्ष्मीपूजनाला अजूनही एक जुनी लाल वही पाटावर मांडतात. ती आजोबांची. त्यांचे धान्याचे लहानसे दुकान होते. दुकान कधीच बंद झाले, पण वहीला दरवर्षी हळदकुंकू लागते. लहानपणी मला तिच्यातला एक प्रकार मोठा गमतीचा वाटे. काही रकमांच्या डोक्यावर ‘हा’ लिहिलेला, काहींच्या डोक्यावर ‘क’. आणि या दोन अक्षरांच्या रकमा आजोबांनी कधी एका रकान्यात येऊ दिल्या नाहीत.

‘हा’ म्हणजे हाली शिक्का, निजामाचा रुपया. ‘क’ म्हणजे कलदार, इंग्रजी सरकारचा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पलीकडे यवतमाळाकडे गेले की कलदार. नांदेडच्या व्यापाऱ्याला दोन्ही रुपये हाताळावे लागत. हिशेब साधा होता : सात हाली म्हणजे सहा कलदार. आता सत्तर हाली आणि साठ कलदार यांची बेरीज किती? शाळेतला मुलगा एकशे तीस म्हणेल. पण एकशे तीस काय? हाली म्हणाल तर एकशे चाळीस हवेत, कलदार म्हणाल तर एकशे वीस. एकशे तीस ही रक्कम कोणत्याच राज्यात चालणारी नव्हती! म्हणून आजोबा आधी सगळे एका नाण्यात आणीत आणि मग बेरजेची रेघ ओढीत.

असल्या माणसाचा मी नातू. माझे शिक्षण मॅट्रिकचे. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत आकड्यांचे काम पडले नाही. पण नोकरी पडली शाळामास्तराची, तीही लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. सोमवारी पहाटे नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत जाणारी एस.टी. धरायची आणि शनिवारी परतायचे. तेथे माझ्या गळ्यात शालेय पोषण आहाराचे रजिस्टर आले. ज्यांना हे रजिस्टर ठाऊक नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावे.

नियम असा की पहिली ते पाचवीच्या दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. डाळ २० आणि ३० ग्रॅम, तेल ५ आणि साडेसात ग्रॅम. रोजच्या हजेरीने गुणायचे आणि तेवढा माल कोठीतून काढून द्यायचा. हिशेब मुलामागे ग्रॅममध्ये, तांदळाची गोणी मात्र किलोत. तेलाची पिशवी तर लिटरात. लिटरभर तेल वजनाला ९१० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणून पिशवीवर दोन्ही आकडे छापलेले असतात. एकाच कोठीत तीन मापे नांदत असतात म्हणा ना.

एका महिन्यात मी नऊ दिवस तेल ग्रॅममध्ये लिहिले, पुढे रजिस्टरचे नवे पान लागले आणि पंधरा दिवस किलोत लिहिले. एकीकडे ६६५, दुसरीकडे ०.६५०. आकडे संगणकावर चढवणाऱ्या मुलाने सारा रकाना एकत्र केला आणि खाली बेरीज आली ५,९६३ किलो! एकशे अकरा मुलांनी महिन्यात सहा टन तेल खाल्ले. डोई त्रेपन्न किलो पडले. खरे तेल होते पंधरा किलो सातशे. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. अशी चूक शोधायला अक्कल लागत नाही. रकान्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा शेजारीशेजारी ठेवावा; एक दुसऱ्याच्या हजारपट दिसला की तेथे ग्रॅम आणि किलो एका पंगतीला बसले आहेत असे समजावे. पाच मिनिटांत दुरुस्ती झाली.

तांदळाच्या चुकीला मात्र कोणी हसले नाही.

महिनाअखेर तपासणीला आलेल्या साहेबांनी कोठीतला तांदूळ तोलायला लावला. रजिस्टरच्या शिलकीपेक्षा तो ३ किलो ६०० ग्रॅम जास्त भरला. वाचकाला वाटेल, जास्त भरला तर बरेच की! तसे नाही. कमी भरला तर उंदीर, गळकी गोणी, तोलातली घट, अशी कारणे सांगता येतात. जास्त भरला याचा अर्थ, कागदावर जेवढा शिजवला तेवढा पातेल्यात गेलाच नाही. मुलांच्या ताटातला काढून कोणी बाजूला ठेवला, पुढे घरी न्यायला. आणि शिजवणारी एकच बाई होती.

तिला आम्ही मावशी म्हणत असू. तिला कोणी चोर म्हटले नाही. साहेबांनी फक्त विचारले, “रोज पूर्ण तांदूळ टाकता ना?” ती दारातच उभी होती. हात पदराला पुसत माझ्याकडे पाहून म्हणाली, “गुरुजी, तुम्ही सांगता तितकाच टाकते म्या. लेकरांच्या तोंडचा घास काढून कुठं फेडू?” साहेबांनी शेरा लिहिला आणि ते गेले. मानधन तुटपुंजे, शेऱ्यापायी तेही जाणार हे तिला ठाऊक होते.

त्या रात्री मी खोलीवर रजिस्टर घेऊन बसलो. सगळ्या बेरजा दोनदा केल्या, एकही चुकली नव्हती. तिसऱ्यांदा बेरीज सोडून एकेक दिवसाची नोंद मुलांच्या हजेरीशी ताडून पाहू लागलो, तेव्हा सापडले. वरच्या वर्गांत ज्या दिवशी ४७ मुले, त्या दिवशी तांदूळ ७ किलो ५० ग्रॅम. मी तोंडाने मावशीला तसेच सांगितले होते. कागदावर मात्र लिहिले होते ७.५. म्हणजे साडेसात किलो! लिहायला हवे होते ७.०५०. बिंदूच्या पुढचे शून्य मी गिळले होते. खालच्या वर्गांचे ६.४ त्यात मिळवून मी १३.९ मांडले, पातेल्यात गेले होते १३ किलो ४५०. फरक ४५० ग्रॅमचा. ४६ मुले असली तर ६ किलो ९००, ४८ असली तर ७ किलो २००, तेथे ६.९ आणि ७.२ लिहिले तरी बाधत नाही. नेमकी ४७ आली की चूक. असे दिवस मी मोजले. आठ निघाले. आठ गुणिले साडेचारशे, ३ किलो ६०० ग्रॅम. एक ग्रॅम कमी नाही की जास्त नाही.

आजोबांच्या काळी रुपये, आणे, पै यांचे तीन वेगळे रकाने असत, म्हणून ही चूक होण्यास जागा नव्हती. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा पाच रुपये पाच पैसे ५.५ असे लिहिणारे पुष्कळ निघाले असतील असा माझा तर्क आहे. तेथे बिंदूपुढे दोन घरे भरायची, येथे तीन. घर रिकामे असेल तर त्यात शून्य बसवायचेच.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे मी आठही नोंदी लाल शाईने दुरुस्त केल्या, प्रत्येकीखाली सही केली आणि चूक माझी असल्याचे पत्र साहेबांकडे धाडले. मग चुलीपाशी गेलो. मावशी तांदूळ निवडत होती. मी तिला सारे समजावून सांगितले. शून्य, बिंदू, साडेचारशे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी ते पन्नास गिराम. म्या काट्यावर नीट तोलत होते की. मूठभर बी भरत न्हाईत हो गुरुजी.”

आणि आज किती लेकरे आहेत, असे तिने विचारले. मी हजेरी पाहिली. खालची ६४, वरची ४७. तिने काटा पुढे ओढला आणि, आजवर कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली, “लिवा आधी. मला दावा. मंग टाकते.”