पाच रेघांतून सरगम

गेल्या पावसाळ्यात आमच्या सातवीच्या वर्गातील एका मुलीने जुन्या गीतपुस्तकातील एका पानाचे मोबाइलवर घेतलेले छायाचित्र आम्हास दाखविले. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ या नावाने ओळखली जाणारी, १५५१ सालच्या जिनिव्हा येथील स्तोत्रसंग्रहातील ती चाल. मुलीस पेटी शिकू लागून जेमतेम तीन महिने झालेले. “सर, एवढे सा-रे-ग-म करून द्या. रविवारी आजीला ऐकवायचे आहे.”

आम्ही पांढरी एक हाच षड्ज धरला आणि पहिली ओळ ‘प प म ग रे प ध नि’ अशी लिहून दिली. सोमवारी मुलगी खाली मान घालून आली. आजीने तिला तिसऱ्या स्वरावरच थांबविले होते : “बाळ, ही आपली चाल नव्हे.”

छायाचित्र पुन्हा पाहिले, तेव्हा आमचा उतावळेपणा ध्यानी आला. पानाची डावी कड कापली गेली होती, आणि सारे मर्म त्या कडेतच असते. संपूर्ण पानाचे चित्र मागविले. आरंभीची किल्ली आम्ही सवयीने धरली होती, ती बरोबर निघाली. परंतु तिच्या शेजारी, सर्वांत वरच्या रेघेवर, एक शार्पची खूण होती. खूण वर असली तरी तिचा अंमल त्या नावाच्या खालच्या स्वरावरही चालतो. अर्थात आमचा ‘म’ पांढरी चारवर नसून काळी तीनवर होता.

येथे केवळ म तीव्र केला असता, तरी चाल कानाला बरोबर लागली असती. पण सारी चाल पंचमावर जाऊन संपली असती, आणि सोबत धरलेला षड्ज तिच्याशी भांडत राहिला असता. मेजर चालीत शेवटची शार्प खूण ज्या स्वरावर असते तो निषाद, व त्याच्या लगतची वरची पट्टी हा षड्ज. (मायनर चालीस हा नियम लागू नाही.) म्हणून षड्ज पांढरी पाच. पडताळा पाहिला : चालीचा अखेरचा ठिपका दुसऱ्या रेघेवर, म्हणजे त्याच पट्टीवर, विसावला होता. आमच्या प्रतीत ओळीच्या दोन्ही टोकांच्या स्वरांची डोकी पोकळ, म्हणजे त्यांस दोन मात्रा. मधले भरीव, एकेक मात्रेचे. आता ओळ अशी झाली :

सा – सा नि़ ध़ प़ सा रे ग –

खालचा बिंदू मंद्र सप्तकाचा. एकही स्वर विकृत नाही; नवख्या हातास याहून सोपे काय हवे?

पुढल्या रविवारी आजी गाऊ लागल्या, पण चौथी ओळ आरंभीच पंचमावर चढते, तेथे त्यांचा आवाज पोहोचेना. मुलीने कागदास हात न लावता षड्ज पांढरी चारवर आणला. एवढेच, की आता मध्यम काळी पाचवर गेला, आणि तेथे तिचे बोट दोनदा चुकले. आजींनी त्या वेळी मात्र तिला थांबविले नाही.