भाट्यातलं एक मिनिट

रत्नागिरीतून खाडीवरचा पूल ओलांडून भाट्यात उतरलं की उजव्या हाताला सुरूचं बन लागतं. बनापलीकडे समुद्र. डाव्या हाताला, पावसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, जांभ्या दगडाचं एक कौलारू घर आहे. त्या घराच्या ओटीवर मी एकदा सव्वातीन तास आवाज रेकॉर्ड केला. त्यात फक्त एक मिनिट घ्यायचं राहून गेलं.

माहितीपट होता तो, आंब्याच्या आणि बोटीच्या आठवणींचा. रस्त्याने ट्रक धावू लागण्याच्या आधी रत्नागिरीचा आंबा बोटीने मुंबईला जात असे. बोट किनाऱ्याला लागत नसे, दूर पाण्यात उभी राही आणि माणसं, पेट्या, बोचकी पडावात बसून तिच्यापर्यंत जात. घरातल्या आजींनी हे सगळं लहानपणी पाहिलेलं. त्या झोपाळ्यावर बसून बोलणार होत्या, झोपाळा न हलवता. ते त्यांना फार जड गेलं.

एप्रिलची अखेर होती. पावणेदहाला आम्ही बसलो. पंखा बंद केला. माजघरातला फ्रिज बंद केला आणि नेहमीप्रमाणे माझ्या गाडीची किल्ली त्यात ठेवली. ही आमच्या धंद्यातली जुनी सवय आहे. किल्ली आत असली की फ्रिज पुन्हा सुरू केल्याशिवाय आपण घरातून बाहेर पडू शकत नाही आणि घरातल्यांची सुरमई नासत नाही. आजींच्या पदराआड एक लेपल माईक लावला आणि वरून, चौकटीच्या जरा बाहेर, बूम धरला.

सगळं बोलणं संपल्यावर, एक वाजता, मी रूम टोन घेतला. म्हणजे काय, तर कुणीही बोलायचं नाही, हलायचं नाही. माईक होते तिथेच ठेवायचे, गेन तोच ठेवायचा आणि त्या जागेची नुसती गप्प अवस्था मिनिटभर रेकॉर्ड करायची. बूम धरणाऱ्या मुलाचे हात भरून आलेले असतात, त्याला तो खाली टेकवावासा वाटतो. पण टेकवू द्यायचा नाही. हा माईक ज्या दिशेला तोंड करून असतो, तिकडचंच जास्त ऐकतो. खाली टेकवला की आजींच्या ओटीचा टोन न येता शेणाने सारवलेल्या जमिनीचा येतो. माणसांनाही बाहेर पाठवायचं नाही, कारण सहा माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज पितात. ती उठून गेली की ओटी थोडी जास्त घुमते.

या मिनिटाची गरज संकलनाच्या टेबलावर लागते. आजी बोलता बोलता खोकतात, एखादं नाव आठवायला थांबतात, मध्येच आमच्यातला कुणी प्रश्न विचारतो. ते काढून टाकलं की दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडतं. ते भोक तसंच ठेवलं तर तिथे आवाजच नसतो, अगदी शून्य. प्रत्यक्षात माणसाने कधीच न ऐकलेली गोष्ट आहे ती. थिएटरात बसलेल्या माणसाला टोनची काही कल्पना नसते. पण त्या क्षणी पडदा मेल्यासारखा वाटतो आणि पुढचं वाक्य कुठून तरी दुसरीकडून आल्यासारखं ऐकू येतं. म्हणून त्या भोकात त्याच ओटीचा, त्याच माईकने टिपलेला गप्पपणा भरायचा आणि दोन्ही कडा थोड्या एकमेकींवर चढवायच्या. मग जोड ऐकू येत नाही.

जूनमध्ये मुंबईला संकलन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी जोड ऐकू येऊ लागले.

दहा वाजताचं वाक्य होतं, आजींच्या वडिलांनी पेट्यांत पेंढा कसा भरला त्याचं. मधला खोकला काढला आणि माझ्या टोनमधले दोन सेकंद तिथे घातले. त्या दोन सेकंदांत एक सळसळ अचानक उगवली आणि वाक्य सुरू होताच विझली. पुढच्या जोडाला पुन्हा तेच. सुरुवातीच्या आठ मिनिटांत असे सतरा जोड होते, आणि सतराही ठिकाणी कुणीतरी दार उघडून मिटल्यासारखं वाटत होतं. आवाज कमी करून पाहिला, सळसळ दबली पण गेली नाही. तिचा वरचा भाग छाटून पाहिला, तर भरलेली जागा बोदी, कापूस कोंबल्यासारखी झाली. सळसळीचा मुलूख वरचा, ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांचाच मुलूख. फ्रिजची किंवा पंपाची घरघर खालच्या सुरात असते, ती आजींच्या आवाजाला धक्का न लावता बरीचशी काढता येते. सुरूच्या झाडाची सुईसारखी पाती वाऱ्याला चिरतात तेव्हा निघणारा आवाज तसा वेगळा काढता येत नाही.

मग मी हेडफोन लावून सव्वातीन तासांचं सगळं बोलणं पुन्हा ऐकायला बसलो. शब्दांकडे लक्ष न देता, शब्दांच्या मागे. सकाळी मागे काय होतं? लांबवर, जवळजवळ न ऐकू येणारी गाज. उन्हाने तापणाऱ्या कौलांची अधूनमधून टकटक. एकदा रस्त्यावरून गेलेली एस.टी. खाडीकडून येणारी, राजिवड्याच्या एखाद्या होडीच्या इंजिनाची बारीक धडधड. आणि स्थिर हवा. अकरा वाजून वीस मिनिटांनंतर आजींनी बोलता बोलता मान वळवली असावी, कारण लेपलवरचा आवाज किंचित पातळ झाला, आणि त्या म्हणाल्या, “वारा फिरला हो.”

त्यानंतरच्या मिनिटभरात सुरूचं बन जागं झालं.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. रत्नागिरीत उन्हाळ्यात हा बदल सकाळ सरता सरता होतो. आवाज टिपणाऱ्याला त्याचा फटका दोन बाजूंनी बसतो. एक तर झाडं बोलू लागतात. दुसरं, समुद्रावरून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्याबरोबर गाज जास्त आत येते, कारण वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज वर न उडता जमिनीकडे वाकतो. सकाळी दूर असलेला समुद्र दुपारी त्याच जागी राहून ओटीच्या पायरीपर्यंत येतो. मी एक वाजता घेतलेला टोन चांगला होता, स्वच्छ होता. पण तो दुपारचा होता आणि माझी भोकं सकाळची होती.

उलट्या बाजूने मात्र त्याचा उपयोग झाला. दिग्दर्शकाला पेंढ्याचं सकाळचं वाक्य दुपारी सांगितलेल्या पडावाच्या गोष्टीला जोडायचं होतं. गोंगाटाच्या तुकड्यातून गोंगाट काढणं अवघड, पण शांत तुकड्यात तो मिसळणं सोपं. मी सकाळच्या वाक्याखाली दुपारचा टोन सरकवला, जोडावर न आणता सहा-सात सेकंद आधीपासून, अगदी हळू चढवत. जोड येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानाला सुरूची सवय झालेली होती. पेंढा भरता भरता वारा सुटला आणि पडाव निघाला, असंच ते ऐकू येत होतं.

पण सतरा भोकं राहिलीच. परत जाऊन सकाळचा टोन घ्यावा असं दिग्दर्शकाने सुचवलं. मी नको म्हटलं. तोवर पाऊस सुरू झाला होता. कौलांवर पाण्याचा मारा, अंगणात बेडूक, समुद्र खवळलेला. शिवाय 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे खाडीतली ती बारीक धडधडही नाही. एप्रिलची सकाळ जूनमध्ये मिळणार नव्हती.

ती मिळाली आजींच्या थांबण्यात. आजी घाईने बोलणाऱ्या नव्हत्या. एखादं माणूस आठवलं की त्या थांबत, कधी दोन सेकंद, कधी चार. शूटिंगच्या वेळी आमच्यातला एकजण अस्वस्थ होऊन लगेच पुढचा प्रश्न टाकी. जिथे त्याने तसं केलं, तिथे मला काही मिळालं नाही. जिथे त्याने धीर धरला, तिथे शब्दाची शेवटची घुम विरल्यावर आणि पुढचा श्वास घेण्याआधी निव्वळ ओटी शिल्लक होती. असे तुकडे मी वेचले. एकात कावळा होता, तो टाकला, कारण पुन्हा पुन्हा वापरलेला कावळा कुणीही ओळखतं. एकात झोपाळ्याची कडी कुरकुरली होती, तोही टाकला. चौदा तुकडे उरले. ते आठ-आठ फ्रेम एकमेकांवर चढवून जोडले तेव्हा सदतीस सेकंदांची सकाळ तयार झाली. दोन माईकचे टोन वेगळे असतात, त्यामुळे हे काम दोनदा करावं लागलं: बूमसाठी एकदा, लेपलसाठी एकदा. शेजारशेजारच्या भोकांत एकच तुकडा येणार नाही एवढं सांभाळलं. दोन दिवस लागले. त्यानंतर दिग्दर्शकाने सुरुवातीची आठ मिनिटं डोळे मिटून ऐकली आणि कापलेलं कुठे आहे ते त्याला सांगता आलं नाही.

तेव्हापासून मी टोन फक्त शेवटी घेत नाही. बसल्याबसल्या एकदा घेतो, आणि मग हवा बदलली की काम थांबवून पुन्हा घेतो. खोलीला मिनिटभर पुरतं, समुद्राजवळ नाही. लाट यायला आठ-दहा सेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या मिनिटात जेमतेम तीन-चार लाटा. तेवढ्याच फिरवून फिरवून वापरल्या तर मोठी लाट दर वेळी ठरलेल्या जागी येते आणि कान ती मोजू लागतो. तिथे मी तीन मिनिटं मागतो. पहिले दहा सेकंद चपला, घसा आणि खुर्च्यांत जातातच. भरतीओहोटीही वहीत लिहितो, कारण आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि ‘कालच्याच वेळी येऊ’ या बोलण्याला किनाऱ्यावर अर्थ राहत नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच घरी दुसऱ्या कामासाठी गेलो. आजींना म्हटलं, “आजी, वारा फिरला की मला सांगाल का? बोलणं चालू असलं तरी चालेल.”

“तुमच्या मशीनला कळत नाही?”

“कळतं. पण तुम्हाला आधी कळतं.”

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास त्या बोलता बोलता थांबल्या आणि सुरूच्या बनाकडे बोट केलं. मला अजून काही ऐकू येत नव्हतं. मी हात वर केला. सगळे जिथल्या तिथे बसून राहिले, बूमवाला मुलगाही. पहिलं मिनिट अजून सकाळचं होतं. दुसऱ्या मिनिटाच्या मध्यावर हेडफोनमध्ये डाव्या बाजूने कुणीतरी तांदूळ पाखडतंय असा आवाज आला आणि हळूहळू ओटीभर झाला. तिसऱ्यात समुद्र आला. आजी डोळे मिटून, पाय जमिनीला घट्ट टेकवून बसल्या होत्या, झोपाळा हलू नये म्हणून.

मी हात खाली केला तेव्हा त्यांनी पाय सोडले आणि कडी कुरकुरली.

“झालं तुमचं ऐकून?” त्यांनी विचारलं. “मग तो फ्रिज लावा आधी. आत मासे आहेत.”