तिसऱ्याचे कान

परवा जेवताना भाचीनं सहज सांगितलं, "मावशी, मी त्याला विचारलं, शनिवारी माझ्याबरोबर बाहेर येशील का?" तिनं विचारलं याचं नव्हे, ‘माझ्याबरोबर’ म्हणाली याचं मला नवल वाटलं.

आमच्या वेळी अशा वाक्यातून माणसं आधी गाळायची. ‘चहा घ्यायचा का?’ यात कोणी, कोणाबरोबर, काहीच नाही. समोरचा ‘नको, आत्ताच झाला’ म्हणाला, तर नकार चहाला. दोघांचीही लाज शाबूत.

एम.ए.ला असताना, पुण्यात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मी वर्गातल्या एकाला म्हणाले होते, "एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन लागलंय म्हणे. रविवारी फार गर्दी होते." ते ‘म्हणे’ मुद्दाम घातलेलं, बातमी लोकांची, माझं त्यात काही नाही. तो चपलेचा अंगठा नीट करत म्हणाला, "मग शनिवारी मोकळं असेल." झालं, ठरलं. तेवढ्यात शेजारची मैत्रीण चीत्कारली, "अय्या, मीपण येते!" आणि आली. शेवंतीच्या कुंड्यांपासून भेळेच्या गाडीपर्यंत आमच्या दोघांच्या मधून चालली. तिच्यावरचा राग मी वर्षानुवर्षं जपला आहे.

त्याच वर्षी आम्हाला ध्वन्यालोक होता. नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून आनंदवर्धनानं आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, हालाच्या गाथासप्तशतीतली एक गाथा उदाहरणाला घेतली आहे. वाटसरू रात्रीपुरता घरी उतरलाय. सून त्याला बजावते, की सासूबाई इथे झोपतात, मी इथे. उजेड आहे तोवर बघून ठेव, रातांधळ्या, अंधारात माझ्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. शब्दांत मनाई, आणि ध्वनी आमंत्रणाचा. सर फळ्याकडे तोंड करून हे समजावत होते. मी मात्र ‘रविवारी गर्दी होते’ हे वाक्य पुन्हा तपासत होते. घडण तीच: नको ते सांगायचं, हवं ते उरू द्यायचं.

पण सुनेला एवढं आडून का बोलावं लागलं? वाटसरूला कळावं म्हणून नव्हे, त्याला सरळ सांगूनही कळलं असतं. सासू ऐकत होती म्हणून. आडवळण असतं ते तिसऱ्याच्या कानांसाठी. भाचीच्या फोनवर तो तिसरा नाही, तेव्हा तिला ‘माझ्याबरोबर’ परवडतं. माझ्या पायऱ्यांवर मैत्रीण होती.

हल्ली मला त्या सासूचाच विचार जास्त येतो. तीही कधीतरी सूनच होती. दारात उभ्या परक्याला झोपायच्या जागा इतक्या तपशिलानं कोण सांगतं, हे तिला कळलं नसेल? कळलंच असेल. गाथेत ती एक शब्द बोलत नाही. रात्री तिला खरंच झोप लागली, की तिनं नुसती कूस बदलली, हे आनंदवर्धनानं विचारायला हवं होतं.