पिवळी, कोरी, टोकावर उभी

जर्मनीतल्या गावांचे फोटो पाहताना एक पाटी वारंवार कोपऱ्यात येते. पिवळा चौकोन, शंकरपाळीसारखा टोकावर उभा, भोवती पांढरी किनार आणि आत काहीही नाही. बाण नाही, आकडा नाही, माणसाचं किंवा मोटारीचं चित्र नाही. रस्त्यावरची पाटी म्हणजे काहीतरी बजावणारी वस्तू अशी आपली समजूत असते आणि ही पाटी तर गप्प उभी. अमेरिकेत राहून आलेला माणूस ती पाहून बिचकतो, कारण तिथे पिवळा टोकावरचा चौकोन म्हणजे पुढे धोका आहे: वळण, हरणं, निसरडा उतार. पण तिथे चौकोनात काळं चित्र किंवा अक्षरं असतात. हा कोरा आहे. तोच आकार, जवळजवळ तोच रंग आणि नियमाची जात मात्र अगदी वेगळी.

माझं म्हणणं असं की परक्या देशातल्या पाटीसमोर ‘हे कशाचं चित्र आहे’ हा प्रश्न दुय्यम असतो. पहिला प्रश्न हा, की या पाटीमुळे नेमकं कोणावर काय बंधन येतं. १९६८ साली व्हिएन्ना इथे रस्त्यावरच्या खुणांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा पाट्यांची वर्गवारी चित्रांवरून नव्हे, याच अंगाने केली गेली. धोक्याची सूचना, मनाई, सक्ती, माहिती यांच्या जोडीला ‘आधी कोणी जायचं’ असा एक स्वतंत्र गट त्यात आहे. आपला कोरा चौकोन त्या गटातला. तो सांगतो: तुम्ही अग्रक्रमाच्या रस्त्यावर आहात. म्हणजे ज्याला तो दिसतो त्याच्यावर तो बंधन घालत नाही. बंधन पडतं ते आडव्या गल्लीतून येणाऱ्यावर, आणि त्याला हा चौकोन दिसतच नाही. त्याच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी दुसरी पाटी असते, लाल काठाचा उलटा त्रिकोण किंवा लाल अष्टकोन. एकाच नियमाचे दोन तुकडे दोन रस्त्यांवर टांगलेले. अशी पाटी मला इतर सगळ्या पाट्यांपेक्षा सुसंस्कृत वाटते.

यावर रास्त आक्षेप असा, की गल्लीत त्रिकोण लावलाच आहे तर मुख्य रस्त्यावर वेगळी पाटी कशाला? ब्रिटनमध्ये ती नाहीच आणि तिथलं काही अडत नाही. उत्तर पाटीत नाही, पाटी नसताना लागू होणाऱ्या नियमात आहे. जर्मनीत खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं. उजवीकडचा रस्ता बारीक असला आणि आपला ऐसपैस असला तरी त्याने फरक पडत नाही. त्यामुळे रुंद, सरळ रस्त्यावरही प्रत्येक गल्लीपाशी वेग कमी करून उजवीकडे पाहावं लागतं. पिवळा चौकोन ही धास्ती काढून टाकतो, म्हणूनच तो लांब रस्त्यावर पुन्हा पुन्हा लावतात. ब्रिटनमध्ये उजवीकडच्याला असा सरसकट अग्रक्रम नाही, म्हणून चौकोनाचीही गरज नाही. भारताच्या १९८९ सालच्या वाहन चालवण्याच्या नियमांतही मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजवीकडच्याला वाट द्यायची असं लिहिलं होतं. आपल्या चौकात ते कितपत दिसतं, हा मुद्दा इथे नको.

आता एखादा फोटो डोळ्यांसमोर आणा. सरळ रस्ता, उजव्या कडेच्या खांबावर पिवळा चौकोन, थोडं पुढे उजवीकडून येणारी गल्ली. तिच्या तोंडाशी एक पाटी आहे, पण कॅमेऱ्याकडे तिची कड आणि मागची करडी बाजू आहे. तरीही ती ओळखता येते, कारण तिचं टोक खाली आहे. असा उलटा त्रिकोण दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरत नाहीत, अष्टकोनही ‘थांबा’ याखेरीज कशालाच नाही. त्यामुळे बर्फाने पाटीचा चेहरा झाकला, रात्री दिवा पडला नाही किंवा आपण चुकीच्या बाजूला असलो, तरी बाह्यरेषेवरून अर्थ कळतो आणि मुख्य रस्त्यावरच्या चालकाला समोरच्याला काय सांगितलं आहे ते पाठीमागून वाचता येतं. गोल पाट्यांना ही सोय नाही. सायकलला मनाई करणारी लाल कड्याची पाटी आणि सायकलस्वाराला त्याच मार्गाने जायची सक्ती करणारी निळी तबकडी मागून सारख्याच दिसतात, दोन्ही करड्या थाळ्या. म्हणजे ज्या दोन नियमांत चूक झाली तर दोन वाहनं एकमेकांवर आदळतात, त्यांनाच वेगळे आकार दिले गेले आणि बाकीच्यांना गोलावर भागवावं लागलं. पाटीच दिसत नसेल तर डांबराकडे पाहावं. गल्लीच्या तोंडाशी तुटक जाड पट्टा असेल तर वाट द्यायची, सलग पट्टा असेल तर थांबायचंच. नेदरलँड्समध्ये तिथे पांढऱ्या त्रिकोणांची रांग असते आणि टोकं ज्याच्याकडे वळलेली असतात त्याने वाट द्यायची. पाटी फ्रेमबाहेर राहिली तरी एवढ्यावरून निकाल लागतो.

आकारावर इतका विश्वास टाकू नये असंही कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. लाल काठाचा, टोक वर असलेला त्रिकोण ही धोक्याची पाटी, पण जर्मनीत अशाच एका त्रिकोणात जाड उभा बाण आणि त्याला छेदणारी बारीक आडवी रेघ असते. तिचा अर्थ, पुढच्या एकाच चौकात अग्रक्रम तुमचा. धोक्याच्या वेशात आलेला हक्क. आणि पिवळा चौकोन सिग्नलच्याच खांबावर दिसला तर? नवखा माणूस गोंधळतो: दिवा लाल, पाटी म्हणते आधी तुम्ही. तिथे सिग्नल पाटीवर मात करतो, दिवे बंद पडले किंवा रात्री नुसता पिवळा लुकलुकू लागला की पाटी कामाला लागते. एरवी ती राखीव.

हक्क देणारी पाटी बंधनमुक्त असते असंही नाही. जर्मन नियम सांगतो की परिस्थिती तशी असेल तर अग्रक्रम असलेल्यानेही तो सोडावा. आणि एक छुपं कलम आहे, जे चौकोनाकडे कितीही निरखून पाहिलं तरी सापडणार नाही: वस्तीबाहेर, अग्रक्रमाच्या रस्त्याच्या डांबरावर गाडी पार्क करता येत नाही. कोऱ्या पाटीवर पार्किंगची मनाई! इथे माझा ‘बंधन कोणावर’ हा प्रश्न थोडा पांगळा होतो, कारण त्याचं उत्तर शोधायला त्या देशाचं नियमांचं पुस्तक लागतं.

आणि पुस्तक बदललं की तोच आकार वेगळंच सांगतो. जपानच्या रस्त्यांवर डांबरावरच पांढऱ्या रेघेचा लांबट चौकोन रंगवलेला दिसतो, पाठोपाठ दुसरा. तोही टोकावर उभा, तोही कोरा. त्याचा अर्थ, पुढे पादचारी मार्ग आहे. पहिला साधारण ५० मीटरवर, दुसरा ३० मीटरवर. अमेरिकेत तसाच पांढरा चौकोन लेनच्या मधोमध असेल तर ती लेन राखीव, बहुधा एकापेक्षा जास्त माणसं बसलेल्या गाड्यांसाठी. एकीकडे सूचना, दुसरीकडे मज्जाव. फोटोत गाड्या कुठल्या बाजूने धावताहेत ते दिसलं तर जपान आणि अमेरिका लगेच वेगळे होतात. नुसतं डांबर टिपलं असेल तर पुढे पांढऱ्या आडव्या पट्ट्या आहेत का, हे शोधायचं.